एका नावाचा शोध

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मोहल्ल्यातील चार-पाच पोरे माझ्या घरी आली. हातात शंभर पानांची एक वही होती. ह्या वहीत आमच्या गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या कुत्र्यांची नोंद होती. कोणाला सुई टोचली, कोणाला टोचायची राहिली, कोणाला पिले झाली, असा सगळा हिशेब. पोरांचे म्हणणे एवढेच होते की, "गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तर आमच्या मंडळाला एक चांगलेसे नाव सुचवा. नाव असे पाहिजे, की ऐकून कोणाला राग येऊ नये."

मी म्हटले, "उद्या सांगतो." त्या उद्याला दोन महिने लागले. माझ्या मनात जी दोन-चार नावे आली, त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे एक इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास नेहमीच गोड आहे असे नाही, हे मला हळूहळू दिसू लागले. तोच शोध येथे सांगतो.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी काही कुत्र्यांचा लाडका नव्हे, आणि कुत्रीही माझी लाडकी नव्हेत. मी चौथीत असताना माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा गेला. धानाच्या बांधीवर सापडलेल्या एका पिलाशी खेळताना त्याच्या मनगटाला दात लागला होता. तेवढ्याशा ओरखड्याबद्दल त्याने घरी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर बेंबीभोवती चौदा सुया टोचल्या गेल्या असत्या, आणि त्या चौदा सुयांची दहशत आम्हां सर्व पोरांच्या मनात भुताहून अधिक होती. दोन महिन्यांनी त्याला पाण्याचा घोट गिळवेना. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. ज्या सुयांना तो भ्याला, ती मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. आपल्या देशात तिचे उत्पादन २००४-०५ च्या सुमारास बंद झाले, आणि आता दंडावर मोजक्या सुया घ्याव्या लागतात. परंतु माझ्या मनातील तो बाक रिकामाच राहिला. म्हणून पोरांनी वही पुढे केली तेव्हा माझ्या दृष्टीने कुत्र्यांच्या लाडाचा प्रश्न नव्हताच. प्रश्न त्या बाकाचा होता.

पहिले नाव जे कोणाच्याही तोंडी येईल ते भूतदया. आपल्या मराठी मनाला हा शब्द संतांनी दिला. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आम्ही शाळेत दरवर्षी सांगतो. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताच्या भोवती चार आहेत. तेव्हा 'भूतदया मंडळ' हे नाव मी मोठ्या समाधानाने पोरांना सांगून पाहिले. त्यांतला सर्वांत धाकटा मोठ्याने हसला. "गुरुजी, भूत म्हटले की लोक रात्री दारच उघडणार नाहीत!" त्याच्या पिढीला त्या शब्दातला जीव दिसत नाही, फक्त भूत दिसते. मी ते नाव खोडले. पण त्याच्या हसण्याहूनही मोठे असे एक कारण पुढे मला इतिहासात सापडले.

ते कारण मुंबईत सुरू होते. कंपनी सरकारच्या अमलात मुंबईच्या पोलिसांना उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याची मुभा होती, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. इनामाचा मोह असा, की बेवारशी कोणते आणि पाळलेले कोणते हे पाहण्याची तसदी कोणी घेईना; लोकांच्या आवारातून, ओट्यांवरून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. मृताचे अंत्यविधी चालू असताना प्रेताला कुत्र्याची दृष्टी देण्याचा 'सगदीद' नावाचा विधी ते पाळतात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात ही धरपकड चालू असता लोक चिडून पोलिसांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईने दुकाने बंद ठेवली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात होते, आणि गोऱ्या शिबंदीला रोजचा शिधाही मिळेना. सरकारने लष्कर आणले, पुढाऱ्यांवर खटले झाले. पण त्याबरोबरच कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तोडही निघाली.

ह्या दंग्यातून एक संस्था जन्मली. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशाह शेठ ह्यांनी १८३४ साली मुंबईत पांजरपोळ स्थापन केली. 'पांजरपोळ' हे दुसरे नाव. ह्या नावात कळवळा आहे, पण त्यात भिंतही आहे. जनावर रस्त्यावरून उचलायचे आणि आवारात ठेवायचे, हा त्याचा अर्थ. थकलेल्या गाईबैलांना ते आवार उपकारक ठरले. कुत्र्याच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे, आणि ती अठराशे चौतीस साली होती तशीच आजही आहे. एका गल्लीतली कुत्री उचलून नेली तर गल्ली रिकामी राहत नाही. उकिरडा तेथेच असतो, खाटकाच्या दुकानामागची हाडे तेथेच असतात. त्या अन्नावर पलीकडच्या गल्लीतली कुत्री येऊन बसतात. जुनी कुत्री लोकांना ओळखत होती, नवी ओळखत नाहीत. जुन्यांना हद्द ठाऊक होती, नवी हद्दीसाठी भांडतात.

तिसरे नाव मुंबईनेच दिले. १८७४ साली तेथे 'प्राणी क्लेश प्रतिबंधक' सोसायटी निघाली, आणि तिच्या पुढाकाराने परळला बाई साकरबाई दिनशा पेटीट ह्यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. काम मोठे, पण नाव पाहावे तर कायद्याच्या कलमासारखे. 'प्रतिबंधक' म्हटल्यावर समोरचा माणूस आरोपी होतो. गाड्याला जुंपलेल्या बैलाला पराणी टोचणाऱ्याला अडवायला ते नाव शोभते. आमच्या मोहल्ल्यात मात्र जो शेजारी कुत्र्याला दगड मारतो तो बहुधा क्रूर नसतो, तो भ्यालेला असतो. त्याच्या नातवाच्या मागे काल कुत्रे लागलेले असते. त्याला प्रतिबंधक मंडळाची पाटी दाखवून आपण त्याचे भय कमी करत नाही, त्यात अपमानाची भर घालतो.

आता भूतदयेकडे परत येतो. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई ह्यांच्या गिरणीच्या आवारात साठ कुत्री मारली गेली; त्यांत पिसाळलेली कुत्री असल्याची भीती होती. जीवदयेच्या संस्थेने गांधीजींना विचारले, हे योग्य आहे काय? सगळ्यांची अपेक्षा अशी, की अहिंसेचा उपासक निषेध करील. गांधीजींनी तसे केले नाही. त्यांनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त लागोपाठ लेख लिहून वाचकांचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता, की मालक नसलेले कुत्रे गावात हिंडते हाच मुळी समाजाचा दोष आहे. येता-जाता भाकरीचा तुकडा टाकणारा माणूस पुण्य जोडत नाही. तो जबाबदारी न घेता दयेचे समाधान मात्र घेतो, आणि अशा तुकड्यांवरच बेवारशी कुत्री वाढतात. ज्याला कुत्र्याची दया येते त्याने त्याला सांभाळावे, नाही तर पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे पापही स्वतःच्या माथी घ्यावे.

ही टीका मी अनेकदा वाचली, आणि प्रत्येक वेळी मला ती बाकावरच्या मुलाच्या बाजूने बोलणारी वाटली. पोरांना मी ती समजावून सांगितली तेव्हा तीही गप्प झाली. कारण त्यांचे मंडळ सुरुवातीला तेच करत होते. संध्याकाळी ज्याच्या घरचे जे उरेल ते, ज्या कोपऱ्यावर मन होईल त्या कोपऱ्यावर टाकायचे. भूतदयेला माझा खरा आक्षेप येथे आहे. तो शब्द तुकडा टाकण्यापाशी थांबू शकतो. सुईपर्यंत जाण्याची सक्ती त्यात नाही.

गांधीजींच्या पुढे दोनच वाटा होत्या, घरी सांभाळणे किंवा मारणे. तिसरी वाट मुंबईतच पुढे मळली, तीही पहिली वाट पुरती हरल्यावर. मुंबई महापालिका अनेक दशके रस्त्यावरची कुत्री पकडून विजेच्या धक्क्याने मारत आली होती. एवढे करून कुत्री कमी झाली नाहीत. वर सांगितलेले रिकाम्या गल्लीचे गणित तेथेही खरे ठरले. १९९३ साली पालिकेने हा कार्यक्रम फसल्याचे मान्य केले आणि जानेवारी १९९४ पासून मारण्याऐवजी नसबंदीचा कार्यक्रम सुरू झाला. तो स्वयंसेवी संस्थांच्या हातांनी चालू लागला. १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नियम घालून दिले, आणि २००१ साली केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी नियमावली केली. कुत्रे पकडावे, शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी, कानाला खूण करावी आणि ज्या गल्लीतून आणले त्याच गल्लीत सोडावे, हा तिचा गाभा.

ह्या कामात पहिल्यापासून असलेली एक संस्था मुंबईत १९८५ साली निघाली. तिचे नाव 'द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज'. मराठीत म्हणायचे तर भटक्या कुत्र्यांचे कल्याण. नाव साधे आहे, त्यात काव्य नाही. पण तिने आपल्या उद्देशात कुत्र्यांच्या कल्याणाबरोबर रेबीजचे निर्मूलन ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते. तिचे लोक रस्त्यावर जाऊन जागच्या जागी जखमा धुतात आणि लस टोचतात. ज्याला कुत्री आवडत नाहीत अशा माणसालाही त्या उद्देशात स्वतःचा लाभ दिसतो. शेजाऱ्याचे मन वळते ते आपल्या दयेने नव्हे. त्याच्या भयाचे उत्तर आपल्या कामात आहे असे त्याला दिसते तेव्हा ते वळते.

हे उत्तर आकड्यांत कसे दिसते ते पाहायचे तर गोव्याकडे जावे. 'मिशन रेबीज' ही संस्था २०१३ साली आपल्या देशात कामाला लागली, आणि पुढे गोवा सरकारच्या साहाय्याने तिने साऱ्या राज्यात दरवर्षी कुत्र्यांना लस टोचण्याचा सपाटा लावला. हे काम वाढत वाढत वर्षाला पंचाण्णव हजार कुत्र्यांपर्यंत गेले. जोडीला शाळाशाळांतून मुलांना दंश टाळण्याचे आणि झाल्यास काय करायचे ह्याचे धडे दिले. ह्या कामाचा जो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला त्यात कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण शेकडा ९२ ने घटल्याचे आणि त्या काळात माणसांचे मृत्यू थांबल्याचे दाखवले आहे. त्याआधी २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले होते. कुत्री मारून हे झाले नाही.

ह्या कामाची किल्ली एका आकड्यात आहे, शेकडा सत्तर. एखाद्या वस्तीतील शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाला पुढे सरकायला कुत्रे सापडत नाही. परंतु सत्तर हा आकडा एकदा गाठून भागत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे. समजा, वर्षभरात तिसरा हिस्सा मेला आणि तेवढीच नवी पिले आली, तर सत्तरचे सत्तेचाळीस उरतात. म्हणून सुई दरवर्षी हवी, आणि पिले कमी व्हावीत म्हणून शस्त्रक्रियाही हवी. नाही तर चाळणीत पाणी भरल्यासारखे होते.

आता आमच्या वहीकडे येतो. पोरांनी पहिल्यांदा मोजणी केली ती लागोपाठ तीन पहाटे, एकाच रस्त्याने. एका दिवसाची मोजणी नेहमी कमी भरते, कारण काही कुत्री कुठल्या तरी ओट्याखाली झोपलेली असतात. तिन्ही दिवसांची खूण जुळवून एकतीस कुत्री निघाली. मग जेवणाची जागा ठरली. आमच्याकडे भातगिरण्या असल्यामुळे तांदळाची कणी स्वस्त मिळते. अडीच किलो कणी, मीठ-मसाला न घालता शिजवून, त्यात खाटकाकडची टाकाऊ पण ताजी कातडी आणि काळजाचे तुकडे. वेळ रात्री साडेनऊची, मुले-म्हातारी घरात गेल्यावर. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत हेच सांगितले आहे, की खाऊ घालण्याची जागा जिन्यापासून, दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी आणि तेथे घाण राहू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई करून स्थानिक संस्थांनी ठराविक जागा नेमून द्याव्यात असा आदेश दिला. तेव्हा पोरांना नगरपालिकेत अर्ज करून जुन्या विहिरीमागची पडीक जागा मागून घ्यावी लागली.

ह्या भाताचा उपयोग पोट भरण्यापुरता नाही, हे मला महिनाभराने उमगले. रोज एका वेळी एका जागी अन्न मिळू लागले, की कुत्री तेथे येतात. तेथे आली की मोजता येतात, हाताला सवय होते आणि एके दिवशी त्याच हाताने धरता येतात. गांधीजींनी ज्या तुकड्याला नावे ठेवली तो तुकडा येथे सुईची पूर्वतयारी होतो. तुकडा आणि जबाबदारी ह्यांच्यामध्ये जो सांधा त्यांना दिसत नव्हता तो हाच असावा असे मी नम्रपणे मानतो.

लसीच्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. लस दोन ते आठ अंश उष्णतेत राहावी लागते. ऊन लागले तर ती मेली आणि गोठली तरीही मेली. म्हणून बर्फाच्या पेटीत बर्फाला न चिकटता, कापडात गुंडाळून बाटल्या ठेवल्या होत्या. कुत्रे लहान असो की दांडगे, मात्रा तीच, एक मिलिलिटर. धरण्याचे काम पोरांना दिले नाही. ते आम्ही तिघा मोठ्यांनी केले, आणि आम्ही तिघांनीही आधी स्वतःला प्रतिबंधक सुया टोचून घेतल्या होत्या. पोरांकडे वही आणि रंग. टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या कपाळावर हिरवा ठिपका.

त्या दिवशी एकोणीस कुत्र्यांना लस झाली, आणि आम्ही खूष होऊन घरी गेलो. पण काम पुरे झाले की नाही हे लस किती संपली ह्यावरून कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजणी करावी लागते. पोरांना चोवीस कुत्री दिसली. त्यांपैकी ठिपका असलेली पंधरा. म्हणजे शेकडा बासष्ट-त्रेसष्ट. सत्तरला कमी! आणि उरलेली नऊ कोणती ते पाहिले तर ती भातगिरणीच्या मागची, आमच्या भाताकडे कधीच न येणारी, माणसाला बिचकणारी. रोगाला नेमकी अशीच कुत्री लागतात. मग आठवडाभर एकाने गिरणीच्या मागे जाऊन खाणे ठेवले, ती एका रिकाम्या आवारात येऊ लागली, फाटक बंद करून आणखी पाच धरता आली. एकतिसांत चोवीस, शेकडा सत्त्याहत्तर. राहिलेल्या सातांची नावे वहीत लाल शाईने आहेत.

आमच्या कामाला सर्वांत कडक विरोध समोरच्या मावशींचा होता. एकदा त्यांनी मला भर रस्त्यात थांबवले. "काऊन जी गुरुजी, तुम्ही शिकलेले माणूस. हे पोट्टे कुत्र्यांले भात घालतात, अन् ते माह्या नातवाच्या मागं लागतात. तुमच्या दारात घाला न!" मावशींचे चुकले नव्हते. पहिल्या महिन्यात भाताचा कोपरा त्यांच्याच वळणावर होता. पोरांनी जागा हलवली, आणि जाताना वळण झाडून घेतले. मग वही त्यांच्या ओसरीवर ठेवायला सुरुवात केली, कारण दिवसभर गल्लीत घरी असणाऱ्या त्याच. मावशी आरंभी वहीकडे पाहत नसत. पुढे एके दिवशी एका पोराला त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीत ते पांढऱ्या पायाची लिवली नाही. तिले चार पिले झाले आहेत नालीजवळ." त्या दिवसापासून मोजणी त्यांच्याकडे गेली.

आश्विनात मावशींनीच मला हाक मारून बोलावले. गिरणीकडून एक काळे कुत्रे आले होते, वहीतले नव्हते. त्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता, आणि ते कोणी न डिवचता लाकडाच्या खांबाला चावत होते. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते असा लोकांचा समज आहे, तो माणसाच्या आजारावरून आलेला. कुत्र्याच्या बाबतीत आवाज बदलणे, जबडा लोंबणे, झोकांड्या खाणे आणि कारणाशिवाय चावणे ह्या खुणा पाहाव्यात. डॉक्टरांना कळवले, लोकांना घरात राहण्यास सांगितले, नगरपालिकेच्या माणसांनी ते एका रिकाम्या गोदामात अडकवले. तिसऱ्या दिवशी ते मेले. डॉक्टरांनी ते रेबीजचेच धरले. त्याने वाटेत आमच्या दोन कुत्र्यांना चावे घेतले होते. वहीत पाहिले, दोघांच्याही नावापुढे हिरवी खूण होती. त्यांना लगेच पुन्हा लस दिली, महिनोन्‌महिने नजरेखाली ठेवले. ती दोन्ही आज जिवंत आहेत.

माणूस कोणी चावला गेला नाही, हे आमचे नशीब. चावला गेला असता तर काय करायचे हे मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवले आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना काही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. कुत्र्याला लस झालेली असली तरीही जायचे, कारण वहीतली हिरवी खूण म्हणजे माणसासाठी दिलेली हमी नव्हे. ओरखडा लहान म्हणून लपवायचा नाही. शेवटची ओळ लिहिताना माझा हात अजून थबकतो.

काळ्या कुत्र्याच्या प्रकरणानंतर चार-आठ दिवसांनी मावशी पोरांना पोहे देत बसल्या होत्या. मी सहज म्हटले, "मावशी, आता विरोध नाही ना?" त्या म्हणाल्या, "विरोध कायचा जी? हे तं गल्लीची राखणच झाली." मी तेथेच थांबलो.

राखण. आमच्या भागात हा शब्द रोजचा आहे. धान निसवले की शेतकरी बांधीवर राखण करतो. रात्री कुत्रे दाराची राखण करते. सुई मुलांची राखण करते, आणि वही कुत्र्यांची. त्यात पांजरपोळीची भिंत नाही, प्रतिबंधकाचे बोट नाही. भूतदयेसारखा तो तुकड्यापाशी थांबतही नाही, कारण राखण एका दिवसाची नसते. पीक घरी येईपर्यंत जागावे लागते. आणि शब्द मावशींचा, म्हणून शेजाऱ्यांना तो आपला वाटणार.

मी पोरांना बोलावून नाव सांगितले. ती आपसांत कुजबुजली, मग त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तो एक शब्द लिहिला. अजून पाटी नाही, नोंदणीही नाही. पुढच्या वर्षाची लस कोणत्या महिन्यात टोचायची ते तेवढे खाली लिहिले आहे, आणि लाल शाईतली सात नावे आहेत. त्यांतल्या पहिल्या कुत्र्यासाठी कालपासून गिरणीच्या मागे कणीचा भात जाऊ लागला आहे.